पेन्सिलीशेजारी कचऱ्याचा डबा

स्क्रीनशॉट आला की मी आधी त्याची रुंदी बघते. आत काय आहे ते नंतर. फोटोवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. १०८० आली तर बरं. ७२० आली तर तो बहुधा व्हॉट्सअ‍ॅपमधून आलाय, आणि पाठवणाऱ्याला पुन्हा फोन करावा लागणार.

कामाचं स्वरूप थोडक्यात सांगते, कारण आमच्या उमरीत ते सांगताना दर वेळी घोळ होतो. घराजवळचे लोक समजतात की मी वेबसाइटींमधले व्हायरस काढते. पुण्यातली एक कंपनी मला वेबसाइटचे पडदे पाठवते आणि त्यांत काय वाचता येणार नाही, काय बोटाला सापडणार नाही, कुठे माणूस चुकेल हे मी लिहून देते. जागतिक पातळीवर यासाठी डब्ल्यूसीएजी नावाचे नियम आहेत. त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. आपल्या सरकारी वेबसाइटींसाठीची मार्गदर्शक तत्त्वंही याच नियमांवर बेतलेली आहेत. नियम इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. ते समोरच्या चित्राला लावायचे कसे, यातच सगळी मेहनत आहे.

मागच्या सोयाबीनच्या हंगामाआधी आलेलं एक काम इथे सांगते. शेतमाल विकण्यासाठी शेतकऱ्याने आधी नावनोंदणी करायची, अशी एक वेबसाइट. कुणाची ते सांगत नाही. शेतकऱ्याने आपला गट नंबर, पीक आणि क्षेत्र भरायचं. भरलेल्या गटांची खाली यादी दिसते. शेवटी ‘पुढे जा’ असं भगवं बटण. कंपनीने तयार पडद्यांची चित्रं पाठवली होती, पण ती डिझाइनरच्या संगणकावरची, चकचकीत. मला खऱ्या फोनवरची हवी होती. म्हणून मी स्टेशनच्या बाजूला असलेल्या सेवा केंद्रातल्या मुलाला सांगितलं, की कुणी या साइटवर नोंदणी करायला आलं तर त्याला विचारून, नाव आणि नंबर झाकून, एक स्क्रीनशॉट पाठव. त्याने पाठवला, ७२० रुंदीचा.

या ७२० चं महत्त्व असं. वेबसाइटवरच्या मापांसाठी जो पिक्सेल धरतात तो फोनच्या काचेवरचा खरा ठिपका नसतो. काच १०८० ठिपक्यांची असली तरी बहुतेक साध्या अँड्रॉइड फोनवर ब्राउझर पानाला ३६० रुंद समजतो, म्हणजे एका हिशेबी पिक्सेलमागे तीन ठिपके. मूळ स्क्रीनशॉटमध्ये ५४ ठिपक्यांचा दिसणारा आयकॉन नियमाच्या भाषेत १८ चा असतो. व्हॉट्सअ‍ॅप १०८० बाय २४०० चं चित्र दाबून ७२० बाय १६०० करतं. तिथे तोच आयकॉन ३६ ठिपक्यांचा दिसतो आणि त्याला तीनने भागलं तर उत्तर १२ येतं, जे साफ चुकीचं. भागायला दोन हवेत. शिवाय सगळे फोन ३६० चे नसतात. काही ३९३ चे, काही ४१२ चे, आणि कुणी सेटिंगमध्ये जाऊन सगळं मोठं करून घेतलं असेल तर आकडा आणखी वेगळा. म्हणून मी क्रोमची पत्त्याची पट्टी मोजते. वर जिथे वेबसाइटचं नाव दिसतं ती पट्टी अँड्रॉइडवर ५६ उंचीची असते. या चित्रात ती ११२ भरली, म्हणजे पट दोन. आता पुढची सगळी मापं दोनने भागायची.

रंगासाठी मात्र दाबलेलं चित्र चालत नाही. दाबताना अक्षराचा रंग आणि मागचा रंग एकमेकांत उतरतात. मूळ चित्रातही अक्षराच्या कडा मुद्दाम धूसर केलेल्या असतात, म्हणजे डोळ्याला त्या गुळगुळीत वाटाव्यात. त्या कडेवर रंग उचलायचं साधन टेकवलं तर खऱ्यापेक्षा फिका रंग मिळतो आणि नसलेला दोष रिपोर्टमध्ये जातो. देवनागरीची एक सोय अशी की शिरोरेषा आडवी आणि लांब असते. चित्र आठशे टक्के मोठं करून शिरोरेषेच्या मधोमध रंग उचलला की तो बऱ्यापैकी खरा निघतो. पण ७२० च्या चित्रात लहान अक्षराची शिरोरेषा दोन ठिपके जाड, कधी त्याहूनही कमी, आणि तीही वरखाली पुसट झालेली. म्हणून मुलाला फोन केला.

“फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव.”

“ताई, दोन्ही एकच की. दिसायलंय तर सगळं.”

“मला दिसायलंय, मोजता येईना.”

त्याने पाठवला. आता १०८० आली.

क्षेत्राच्या रकान्यात कुणीतरी २.०० भरलं होतं. बाजूला काहीच नाही. ना एकर, ना हेक्टर. डिझाइनरच्या चित्रात मात्र रकाना रिकामा होता आणि आत फिक्या राखाडीत लिहिलं होतं, ‘हे.आर मध्ये भरा’. टाइप करायला लागलं की ते गायब. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं हे खरं, पण आमच्याकडे कुणाला विचारा, जमीन किती, तर तो एकरात सांगेल. दोन एकर म्हणजे सुमारे ०.८१ हेक्टर. ज्याने २.०० भरले त्याने दोन एकर म्हणायचं होतं की दोन हेक्टर, हे तो स्क्रीनशॉट बघून कुणीही सांगू शकत नाही, आणि मला तोच मुद्दा मांडायचा होता. भरणाऱ्यालाही पुन्हा वर बघून खात्री करता येत नाही. ते एकर असतील तर साइटच्या हिशेबात जमीन अडीच पट होऊन बसते आणि कागद तपासायच्या वेळी अर्ज परत येतो.

त्या फिक्या राखाडीचा रंग #999999 निघाला. पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट २.८५ ला १ असा येतो. लहान अक्षराला नियम मागतो ४.५ ला १. राखाडीच ठेवायचा तर #767676 पर्यंत गडद करावा लागतो, तेव्हा कुठे तो ४.५४ ला पोचतो. साडेचार हा आकडा हवेतून आलेला नाही. नजर चांगली असलेल्याला ३ पुरतो असं धरलं, आणि वयाबरोबर नजर उतरते त्याची भरपाई म्हणून तो दीडपट केला. साधारण ऐंशीच्या घरातल्या माणसाची नजर जशी असते तशी गृहीत धरून. राखाडी गडद केला असता तर माझा आकड्याचा दोष मिटला असता. पण टाइप करताच पुसली जाणारी सूचना कितीही काळी केली तरी पुसलीच जाणार. म्हणून रिपोर्टमध्ये मी कॉन्ट्रास्ट दुसऱ्या ओळीत टाकला. पहिल्या ओळीत लिहिलं: एकक रकान्याच्या बाहेर, कायम दिसेल असं छापा, शक्य असेल तर एकर-गुंठे भरू द्या आणि त्याखाली हेक्टर-आर आपोआप दाखवा.

यादीच्या प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाला दोन आयकॉन होते. पेन्सिल म्हणजे दुरुस्ती, कचऱ्याचा डबा म्हणजे नोंद काढून टाकणे. माप घेतलं. प्रत्येकी १८, मधलं अंतर ४. सहा-साडेसहा इंची फोनची काच साधारण ६८ मिलिमीटर रुंद असते. ती ३६० मध्ये वाटली तर १८ म्हणजे साडेतीन मिलिमीटरही नाही, आणि दोघांमधली फट एका मिलिमीटरच्या आत. बोटाचं टोक काचेवर टेकतं तेव्हा जवळजवळ एक सेंटीमीटर जागा झाकतं. म्हणजे पेन्सिलीवर बोट ठेवलं की डबाही बोटाखालीच. फोन बोटाच्या टेकलेल्या जागेचा मध्य काढतो आणि तिथे काय आहे ते बघतो. तो मध्य माणसाला वाटतो तिथेच असतो असं नाही.

सेवा केंद्रातल्या मुलाने स्क्रीनशॉटसोबत एका काकांचं वाक्य जसंच्या तसं कळवलं होतं: “मी पेन्सिल दाबायलोय, अन् डबा दबायलाय.” कापूस वेचून बोटांची टोकं खरखरीत झालेली असतात, सुकी असतात, काचेला स्पर्श नीट लागत नाही म्हणून माणूस जोरात आणि आडवं बोट दाबतो. जेवढं जोरात दाबावं तेवढं बोट पसरतं.

इथे नियमाची एक बारीक गोष्ट आहे, आणि नवख्यांचा रिपोर्ट बहुतेक इथेच परत येतो. २.२ मध्ये किमान माप २४ बाय २४ आहे. पण त्याला सूट आहे: आयकॉन लहान असला तरी त्याच्या मध्यावर २४ व्यासाचं वर्तुळ काढा, ते शेजारच्या आयकॉनला किंवा त्याच्या तशाच वर्तुळाला छेदत नसेल तर चालतं. म्हणजे ‘१८ आहे, २४ हवं’ एवढं लिहून भागत नाही. आमच्या पेन्सिलीच्या मध्यापासून डब्याच्या मध्यापर्यंत १८ अधिक ४, म्हणजे २२ अंतर. वर्तुळं छेदतात. दोष पक्का. फट ४ ऐवजी ६ असती तर अंतर बरोबर २४ झालं असतं, वर्तुळं नुसती टेकली असती आणि नियमाच्या लेखी सगळं ठीक ठरलं असतं. काकांचा डबा तरीही दबलाच असता. म्हणून मी किमान मापावर थांबत नाही. त्याच नियमांच्या वरच्या पायरीवर ४४ बाय ४४ आहे, आयफोनसाठी अ‍ॅपलचा सल्लाही ४४ चाच, आणि अँड्रॉइडसाठी गूगल ४८ सांगतं. ४४ म्हणजे आपल्या फोनवर सव्वाआठ मिलिमीटर. बोटाला तेवढं लागतंच.

रिपोर्ट गेल्यावर पुण्याहून डेव्हलपरचा फोन आला. मुलगा हुशार, पण घाईत.

“मॅडम, आयकॉन १८ चा दिसतोय, पण मी त्याला पॅडिंग दिलंय. दाबायची जागा मोठी आहे.”

हे शक्य असतं, आणि स्क्रीनशॉटची हीच मर्यादा आहे. चित्रात दिसतो तो रंगवलेला भाग. बोट जिथे लागतं ती जागा अदृश्य असते आणि ती रंगापेक्षा मोठी असू शकते, क्वचित लहानही. म्हणून रिपोर्टमध्ये मी दोन शब्द वेगळे वापरते: चित्रावरून सिद्ध होतं ते ‘दोष’, चित्रावरून वाटतं ते ‘शंका’. पण इथे गणित माझ्या बाजूने होतं. पॅडिंग दोन्ही बाजूंना सारखं असेल आणि दोन्ही आयकॉनचे मध्य २२ वर असतील तर प्रत्येकाची जागा शेजाऱ्याच्या हद्दीत न शिरता २२ पेक्षा रुंद होऊच शकत नाही. आणि शिरली, तर एकमेकांवर चढलेल्या भागात कुणाचं चालतं? कोडमध्ये जो नंतर आलाय त्याचं. नंतर कोण आलंय, तर डबा.

तो गप्प झाला. मग म्हणाला, “मग ४४ करून टाकतो.”

```css
.gat-row button {
  min-width: 44px;
  min-height: 44px;
}
```

या चार ओळींनी मापाचा प्रश्न सुटतो, पण दोन बटणं मिळून ८८ जागा खातात आणि ३६० च्या पानावर गट नंबर, पीक, क्षेत्र यांच्यासाठी जी उरते तिच्यात ‘सोयाबीन’ दोन ओळींत तुटतं. मी सुचवलं की डबा यादीतून काढाच. पेन्सिल दाबली की दुरुस्तीचं पान उघडेल, तिथे तळाशी अक्षरांत लिहिलेलं बटण ठेवा, ‘हा गट काढून टाका’, आणि काढल्यावर काही सेकंद ‘परत आणा’ दाखवा. ‘नक्की काढायचं का?’ विचारणाऱ्या खिडकीवर माझा फारसा विश्वास नाही. तिच्यातलं ‘होय’ लोक न वाचता दाबतात.

राहिलं भगवं बटण. त्याचा रंग #FF9933, अक्षरं पांढरी. कॉन्ट्रास्ट २.१३. ठळक मोठ्या अक्षरालाही किमान ३ लागतो, म्हणजे हे कुठल्याच पायरीवर बसत नाही. डिझाइनरच्या मोठ्या पडद्यावर ते सुरेख दिसतं हे मी मान्य करते. साइटच्या मालकांचं म्हणणं पडलं की भगवा हा आमच्या संस्थेचा रंग, तो बदलणार नाही, आणि आपल्या शेतकऱ्यांत अंध असे किती असतील. यावर मी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगितला, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला हेही सांगितलं. पण खरं सांगायचं तर त्या बटणाचा मुख्य शत्रू मोतीबिंदूही नव्हता. ऊन होतं.

कॉन्ट्रास्ट काढायचं सूत्र असं: उजळ रंगाची दीप्ती अधिक ०.०५, भागिले गडद रंगाची दीप्ती अधिक ०.०५. पांढऱ्याची दीप्ती १, काळ्याची ०, या भगव्याची ०.४४. तो ०.०५ कशासाठी? काचेवर पडणाऱ्या आजूबाजूच्या उजेडासाठी. तो साध्या खोलीचा उजेड आहे. भर दुपारी मोंढ्यात ट्रॅक्टरवर बसून फोन बघणाऱ्याच्या काचेवर कितीतरी जास्त उजेड सांडतो. समजा तो दहापट आहे, ०.०५ च्या जागी ०.५. मग काळ्या-पांढऱ्याचा २१ चा कॉन्ट्रास्टही ३ वर येतो. भगव्यावरचं पांढरं अक्षर १.६ वर. म्हणजे बटण दिसतं, त्यावर काही लिहिलंय हे कळतं, काय ते कळत नाही.

मी मालकांना दोन पर्याय दिले. भगवा तसाच ठेवा, अक्षरं काळी करा: कॉन्ट्रास्ट ९.८६. किंवा अक्षरं पांढरी ठेवा, भगवा गडद करून #B85400 करा: ४.८८. तपासणीच्या कुठल्याही साधनाला विचारलं तर पहिला पर्याय दुप्पट चांगला. मालकांनाही तोच आवडला, कारण दुसरा रंग बघून ते म्हणाले, “हा भगवा नाही, ही वीट झाली.”

पण वरचंच उन्हाचं गणित दोघांना लावून बघा. काळं अक्षर भगव्यावर: ०.९४ भागिले ०.५, म्हणजे १.९. पांढरं अक्षर विटकरीवर: १.५ भागिले ०.६७, म्हणजे २.२. क्रम उलटला. कारण खोलीत काळा रंग खरंच काळा राहतो आणि भागाकारात त्याचा फायदा मोठा मिळतो. उन्हात काळ्यावरही उजेड चढतो, तो करडा होतो, आणि मग दोन रंगांच्या दीप्तीत मुळात किती फरक आहे तेवढंच कामाला येतं. पांढरं आणि विटकरी यांच्यात तो फरक जवळजवळ दुप्पट आहे. ०.५ हा माझा अंदाजी आकडा. फोनची काच, तिचा तिरपेपणा, वर ठेवलेली जाड फिल्म, यांनी तो बदलतो. त्याहून बऱ्याच कमी उन्हात काळं अक्षर पुन्हा पुढे जातं. पण नियमाचं साधन ज्या खोलीत मोजतं ती खोली आमच्या मोंढ्यात नाही, एवढं मालकांना लिहून द्यायला हा हिशेब पुरेसा होता.

म्हणून केंद्रातल्या मुलाला दोन्ही बटणांचं पान पाठवलं आणि म्हटलं, दुपारी बाहेर उभा राहून बघ. ब्राइटनेस पूर्ण ठेव, मग अर्ध्यावर आण, कारण बॅटरी वाचवायला लोक अर्ध्यावरच ठेवतात. त्याचा निरोप आला, “पूर्णवर दोन्ही वाचता यायलेत. अर्ध्यावर विटकरी बरं हाय, काळं कळंना.”

मालकांनी भगव्यावर काळं अक्षर निवडलं. नियम पूर्ण झाला, त्यामुळे माझ्या बाजूने दोष बंद. रिपोर्टमध्ये मी उन्हातले दोन्ही आकडे आणि त्या मुलाचं निरीक्षण खाली जोडलं आणि एक सवलत मागून घेतली: बटणावरचं अक्षर १६ वरून २० करा आणि ठळक करा. ती मिळाली. ठळक करताना मात्र मराठी फॉन्टची खरी ठळक वळणं साइटवर चढवलेली आहेत का ते बघायला सांगितलं. नसली तर ब्राउझर साध्या अक्षरालाच फुगवतो, आणि ‘ढे’ची पोकळी बुजून जाते. पहिल्या सुधारित स्क्रीनशॉटमध्ये नेमकं तेच झालं होतं. आठशे टक्क्यांवर ‘पुढे’मधला ढ काळा गोळा दिसत होता. त्यांनी फॉन्टची ठळक फाइल चढवली, मग सुटला.

एकर-गुंठ्यांचा मुद्दा अजून त्यांच्या यादीत पुढच्या खेपेसाठी ठेवलेला आहे. तूर्त रकान्याबाहेर ‘हेक्टर.आर’ असं काळ्या अक्षरांत छापलंय, आणि खाली एक ओळ: १ एकर = ०.४० हे.आर. केंद्रातला मुलगा सांगतो की लोक ती ओळ बघतात आणि त्यालाच विचारतात, “अडीच एकर असल तर किती लिहू?”